आवाजाचा पल्ला कसा मोजावा आणि सोप्रानो, आल्टो, टेनर, बास कसं ओळखावं

समजा एका पुरुषाचा सर्वांत खालचा स्वर एफ2 आहे आणि सर्वांत वरचा डी5. तो टेनर, म्हणजे पुरुषांतला उंच आवाज, की बास, म्हणजे खालचा? स्त्रियांत हीच जोडी सोप्रानो आणि आल्टो. एवढ्या माहितीवरून कुणीही सांगू शकणार नाही. खाली जरा बरा उतरणारा टेनर सकाळच्या वेळी एफ2 ला टेकू शकतो आणि फॉल्सेटो, म्हणजे वरचा पातळ आवाज वापरणारा बासही डी5 गाठू शकतो. तरीही बहुतेक लोक आपले दोन टोकांचे स्वर मोजतात, एखाद्या तक्त्याशी ताडून पाहतात आणि स्वतःला एक नाव चिकटवून मोकळे होतात. आवाजाचा प्रकार ठरवायला टोकांपेक्षा आणखी दोन गोष्टी जास्त उपयोगी पडतात: आवाज आपली घडण बदलतो तो सांधा कुठे येतो, आणि आवाज न थकता कुठे वावरतो. हे सगळं घरी, एक कीबोर्ड आणि एक फोन हाताशी ठेवून मोजता येतं.

आधी स्वरांचे पत्ते

आपल्याकडे सा चल असतो. ‘मी मंद्र पंचमापर्यंत उतरतो’ हे वाक्य पट्टी सांगितल्याशिवाय अपुरं आहे, कारण पांढरी एकचा मंद्र पंचम आणि काळी चारचा मंद्र पंचम यांत मोठं अंतर आहे. पल्ला मोजताना मात्र प्रत्येक स्वराला कायमचा पत्ता लागतो. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरनाम आणि सप्तकाचा आकडा वापरतात. ट्यूनर अ‍ॅपवर C4 असं दिसतं, त्याला इथे सी4 म्हणू. हा पियानोच्या मधला सी, सुमारे 262 हर्ट्झ. त्याच्या एक सप्तक खाली सी3, सुमारे 131 हर्ट्झ, आणि एक सप्तक वर सी5, सुमारे 523 हर्ट्झ. सप्तक चढलं की कंपनसंख्या दुप्पट, उतरलं की निम्मी. आकडा सी पासून बदलतो, म्हणजे बी3 च्या लगेच वर सी4 येतो.

88 पट्ट्यांच्या पियानोवर सी4 हा डावीकडून चौथा सी. 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर तो डावीकडून तिसरा, अर्थात ट्रान्सपोज आणि ऑक्टेव्हची बटणं शून्यावर असतील तर. काही उत्पादक मधल्या सी ला सी3 म्हणतात, त्यामुळे पडद्यावरच्या नावावर विसंबू नका. एकदा 262 हर्ट्झ वाजतंय ना, ते ट्यूनरवर पाहून घ्या. हार्मोनियमवर मोजायचं असेल तर सुरांचा एकच संच उघडा ठेवा. दोन संच एकदम वाजले की एका पट्टीतून दोन सप्तकं ऐकू येतात आणि आपण कोणत्या सप्तकात गातोय हेच कळेनासं होतं.

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पुरुषाला सी4 वाजवून ‘हा लाव’ म्हटलं तर तो बहुधा सी3 लावतो, आणि त्याला दोन्ही अगदी एकच वाटतात. स्त्रीला सी3 दिला तर ती सहज सी4 लावते. परिणाम असा की वहीत पूर्ण सप्तकाची चूक शिरते आणि एखादा साधा पुरुषी आवाज कागदावर सोप्रानो होऊन बसतो. यावर उपाय सोपा आहे: स्वर लावा आणि ट्यूनरवर 131 आहे की 262, ते बघा.

ट्यूनरही चुकतो. फोनच्या माइकला खालची कंपनं नीट पकडता येत नाहीत आणि खालच्या स्वरात मूळ कंपनापेक्षा त्याचे वरचे अंशस्वर पुष्कळदा जोरकस असतात. त्यामुळे ए2 गायला तरी पडद्यावर ए3 उमटू शकतो. म्हणून एकदम खालच्या स्वरावर उडी मारू नका. ओळखीच्या स्वरापासून एकेक अर्धस्वर उतरत जा. सी3, बी2, बी फ्लॅट 2 असं उतरताना अचानक ए3 दिसला तर चूक अ‍ॅपची आहे.

मोजणीची वेळ

झोपेतून उठल्यावर स्वरपट्ट्या किंचित सुजलेल्या असतात, त्यामुळे खाली दोन-तीन स्वर जास्त मिळतात आणि वरचे अडतात. सर्दीतही तसंच होतं. मोजणी दुपारनंतर, उठून निदान तीन-चार तास झाल्यावर करा. आधी दहा मिनिटं ओठ फुरफुरवत, मध्यम उंचीवर आवाज खालीवर घसरवून घ्या. फोन हातभर अंतरावर ठेवून पूर्ण मोजणी रेकॉर्ड करा. गाताना जे कळत नाही ते नंतर ऐकताना लख्ख कळतं. हीच मोजणी तीन वेगवेगळ्या दिवशी करायची आणि तिन्ही वेळा जुळेल तेच खरं मानायचं.

खाली उतरताना

कुणी बोलत असताना आपण ‘हं… हं…’ करतो, तो स्वर कीबोर्डवर शोधा. सर्वसाधारणपणे पुरुषांचा तो ए2 च्या आसपास आणि स्त्रियांचा जी3 ते ए3 च्या आसपास सापडतो. तिथून ‘ओ’ वर अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरा आणि प्रत्येक स्वर तीन-चार सेकंद धरा.

वहीत दोन खुणा करायच्या. पहिली खूण, जिथपर्यंत स्वर भरीव आणि स्थिर आहे तिथे. दुसरी, जिथे तो कसाबसा लागतो तिथे. भरीव कशाला म्हणायचं? त्या स्वरावर ‘नमन’ हा शब्द म्हणा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला तो स्पष्ट ऐकू आला तर स्वर भरीव. नुसती हवा आणि पुसट गुणगुण ऐकू आली तर दुसरी खूण. त्याच्याही खाली दार करकरल्यासारखा तुटक आवाज येतो, त्याला व्होकल फ्राय म्हणतात. तो मोजायचा नाही. हनुवटी छातीकडे दाबून आणि घसा खाली ढकलून एखाद-दुसरा स्वर पदरात पडतो, पण तो गाण्यात कधी वापरता येत नाही, म्हणून तोही सोडून द्या.

वर चढताना

वर जाताना एकेक स्वर धरून ठेवू नका. धरलेल्या स्वरावर माणूस नकळत जोर लावत जातो आणि छातीचा जड आवाज वर रेटतो. त्याऐवजी ‘सा रे ग म प म ग रे सा’ ही पाच स्वरांची चढउतार ‘ना’ वर मध्यम आवाजात घ्या आणि प्रत्येक फेरीला पट्टी अर्ध्या स्वराने वाढवा. नोंद पंचमाची करायची, कारण वरचं टोक तेच.

इथे तीन खुणा लागतात. पहिली, जिथे कष्ट सुरू होतात: आवाज आपोआप मोठा व्हायला लागतो, हनुवटी वर उचलली जाते, ‘ना’ चा ‘नॅ’ होतो. दुसरी, जिथे आवाज उलटतो, म्हणजे एकदम पातळ होऊन डोक्याच्या आवाजात किंवा फॉल्सेटोत जातो. तिसरी, त्या पातळ आवाजातला शेवटचा स्वच्छ स्वर. घशात खवखव झाली किंवा खोकला आला की त्या दिवसाची मोजणी संपली. असा ओढून काढलेला स्वर दुसऱ्या दिवशी मिळत नाही.

सांधा कुठे येतो

खालच्या स्वरात स्वरपट्ट्या आखूड, जाड आणि सैल असतात. वर जाताना त्या ताणून पातळ कराव्या लागतात. जाडी सांभाळणारा स्नायू वेगळा आणि ताण देणारा वेगळा. एकाची पकड सुटून दुसऱ्याची बसते तो भाग म्हणजे सांधा. पाश्चात्त्य गायनात त्याला पासाज्जो म्हणतात. शिकलेला गायक हा बदल इतका हळू करतो की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. न शिकलेल्याचा आवाज तिथे चिरकतो, अडखळतो किंवा किंचाळीवर जातो. आपल्याला नेमका हा दोष हवा आहे.

‘ऊ’ वर, हळू आवाजात, भोंगा वाजतो तसा खालून वर अखंड घसरत जा. आठ-दहा वेळा करा आणि रेकॉर्डिंग ऐकून आवाज कुठे तुटतो ते शोधा. जोरात केलं तर तुटण्याची जागा वर सरकते, म्हणून सगळ्या फेऱ्या सारख्याच हळू हव्यात.

पुरुषांत हा वरचा सांधा टेनरला साधारण जी4 पाशी येतो, थोड्या भारदस्त टेनरला एफ4 ते एफ शार्प 4 वर. टेनर आणि बास यांच्या मधल्या बॅरिटोनला तो ई4 च्या आसपास, बासला डी4 किंवा त्याच्या जरा खाली. याच्याही खाली, साधारण चार स्वर अलीकडे आणखी एक सांधा असतो. तिथवर आपण बोलल्यासारखं गाऊ शकतो, त्यापुढे हाक मारल्यासारखं वाटायला लागतं. बॅरिटोनला तो बी3 पाशी जाणवतो, टेनरला डी4 पाशी. टोकांचे स्वर सरावाने सरकतात. सांधा मात्र स्वरपट्ट्यांची लांबी आणि जाडी यांच्याशी बांधलेला असल्यामुळे फारसा हलत नाही, म्हणून निवाड्यात त्याचं वजन जास्त.

स्त्रियांच्या बाबतीत हे इतकं सरळ नाही. छातीच्या आवाजातून बाहेर पडण्याचा खालचा सांधा ई फ्लॅट 4 ते जी4 एवढ्याच पट्ट्यात येतो आणि शेजारच्या प्रकारांत फरक एखाद-दुसऱ्या स्वराचाच असतो. वरचा सांधा सोप्रानोला एफ शार्प 5 च्या आसपास, तिच्याहून खालच्या मेझो-सोप्रानोला ई5 ते एफ5, आणि स्त्रियांतला सर्वांत खालचा आवाज असलेल्या खऱ्या कॉन्ट्राल्टोला डी5 पाशी. हे फरक कानाला निसटतात. त्यामुळे स्त्रीच्या आवाजाचा निवाडा करताना पुढची मोजणी निर्णायक ठरते.

आवाज कुठे वावरतो

पाश्चात्त्य संगीतात याला टेसितुरा म्हणतात: स्वर किती उंच जातो यापेक्षा गाण्याचा बहुतेक वेळ कुठे जातो. बेथोव्हेनच्या 1824 च्या नवव्या सिंफनीत सोप्रानोंना वरचा ए5 बराच वेळ धरून ठेवायला लावला आहे. ए5 पुष्कळ जणींना लागतो, पण तिथे राहता येणं ही वेगळी गोष्ट.

मोजायचं असं. पूर्ण पाठ असलेलं, साधारण एक सप्तक आणि वर दोन-तीन अर्धस्वर एवढ्याच व्याप्तीचं एक गाणं घ्या. ते एका पट्टीत सलग तीनदा गा. मग पट्टी दोन अर्धस्वर वर नेऊन पुन्हा तीनदा, तसंच खाली. प्रत्येक पट्टीत पहिली आणि तिसरी खेप ऐकून ताडून पाहा. तिसऱ्या खेपेला शब्द तितकेच स्पष्ट असतील आणि सूर उतरत नसेल तर ती पट्टी तुमची. घसा थकण्याआधी सूर थोडा उतरायला लागतो, हे लक्षण सर्वांत आधी दिसतं. मान्य केलेल्या पट्ट्यांमधला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर घेतलात की तुमचा वावर हाती आला. एकाच दिवशी चारपेक्षा जास्त पट्ट्या तपासू नका, नाहीतर पाचवी पट्टी थकव्यामुळेच नापास होते.

नावं आणि त्यांच्या जागा

ही नावं मुळात गळ्यांची नाहीतच, रचनेतल्या ओळींची आहेत. टेनर हा शब्द लॅटिनमधल्या ‘धरणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, कारण मध्ययुगीन रचनांत मूळ धून लांबवून धरणारी ओळ ती होती. तिच्या विरोधात वरून चालणारी ओळ आल्टो झाली, खालून चालणारी बास. सोप्रानो म्हणजे सगळ्यांच्या वरची. पुढे ओळ गाणाऱ्यालाच ओळीचं नाव पडलं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

समूहगायनात सोप्रानोची ओळ साधारण सी4 ते ए5 मध्ये लिहिली जाते, आल्टोची जी3 ते डी5 किंवा ई5, टेनरची सी3 ते जी4 किंवा ए4, आणि बासची ई2 किंवा एफ2 पासून सी4 ते ई4 पर्यंत. एकल गायक याच्या पुढे जातात. ऑपेरातल्या टेनरकडून सी5 ची आणि सोप्रानोकडून सी6 ची अपेक्षा असते. टेनरची ओळ वाचताना एक लक्षात ठेवा: ती ट्रेबल क्लेफमध्ये लिहिली तरी ऐकू एक सप्तक खाली येते. क्लेफच्या पायाशी छोटा 8 असतो तो त्यासाठीच.

चार ओळींत न मावणारे दोन प्रकार आहेत: पुरुषांत बॅरिटोन, साधारण ए2 ते एफ4 किंवा जी4, आणि स्त्रियांत मेझो-सोप्रानो, साधारण ए3 ते ए5. गंमत अशी की सर्वाधिक लोक याच दोन प्रकारांत मोडतात. खरा बास आणि खरी कॉन्ट्राल्टो विरळा. म्हणून मोजणी काठावर आली आणि मन वरच्या किंवा खालच्या नावाकडे ओढलं जात असेल, तर आधी मधलं नाव लावून पाहा.

एक मोजणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सुरुवातीच्या एफ2 ते डी5 वाल्या पुरुषाकडे परत जाऊ. वय 26, स्वतःला टेनर समजतो, कारण उंच गाणी रेटून म्हणू शकतो. त्याचा ‘हं’ ए2 वर आहे. उतरताना जी2 भरीव, एफ2 वर ‘नमन’ पुसट, त्याखाली करकर. चढताना पंचम डी4 वर असेपर्यंत काही अडचण नाही. ई फ्लॅट 4 वर आवाज आपोआप वाढला, ई4 वर हनुवटी उचलली गेली, एफ4 म्हणजे सरळ आरोळी, एफ शार्प 4 वर आवाज उलटला. तिथून फॉल्सेटो डी5 पर्यंत. भोंग्याच्या दहा फेऱ्यांपैकी आठांत आवाज ई4 आणि एफ4 च्या मध्ये तुटला.

आता गाणं. व्याप्ती सा पासून तार रे पर्यंत, म्हणजे 14 अर्धस्वर. सा डी3 वर ठेवला तेव्हा वरचं टोक ई4. पहिली खेप झकास, तिसऱ्या खेपेला टोकाचा सूर उतरला. सा सी3 वर, टोक डी4: तिन्ही खेपा सारख्या. सा बी फ्लॅट 2 वर, टोक सी4: तशाच. सा ए फ्लॅट 2 वर नेला तेव्हा ओळींच्या शेवटची अक्षरं विरून गेली. वावर ठरला बी फ्लॅट 2 ते डी4.

कागदावरचा पल्ला 33 अर्धस्वर, म्हणजे पावणेतीन सप्तकं. सुखाने वापरण्याजोगे त्यातले 16. सांधा ई4 पाशी, वावर डी4 ला संपतो, खाली जी2 भरीव: हा बॅरिटोन. टेनर असता तर डी4 वर त्याला नुकता पहिला सांधा जाणवला असता आणि वरचा सांधा जी4 पाशी आला असता. समूहात त्याला बासच्या वरच्या फळीत, म्हणजे पहिल्या बासमध्ये बसवावं. ई2-एफ2 चे स्वर दुसरा बास सांभाळतो. टेनरच्या ओळीत बसवलं तर तिचा बराच वेळ डी4 ते एफ4 मध्ये जातो, म्हणजे नेमका याच्या सांध्यावर. जी4 फॉल्सेटोत ‘लागतो’, पण त्या ओळीवर तासभर टिकणार नाही. वर्षभराच्या तालमीने त्याचा एफ4 गोल होईल, कदाचित जी4 ही पूर्ण आवाजात मिळेल. सांधा ई4 पाशीच राहील आणि तो बॅरिटोनच राहील.

स्त्रियांत उलटी चूक जास्त दिसते. एफ3 पर्यंत उतरते म्हणून, किंवा सूर पक्का आहे आणि दुसरी ओळ धरून ठेवते म्हणून, तिला आल्टोत ढकलतात. तिचं गाणं ए4 ते ई5 मध्ये सर्वांत मोकळं वाटत असेल तर एफ3 हा नुसता तळघरातला एक स्वर आहे. दिवसभर छातीच्या जड आवाजात गात राहिली तर सी5 च्या वरचे स्वर वापराविना गंजतात आणि मग ‘बघा, वर जातच नाही’ असा पुरावाही तयार होतो. अशा आवाजाला चार-सहा आठवडे हळू ‘ऊ’ वर वरच्या भागाचा सराव देऊन मगच पुन्हा मोजावं.

चुकीच्या ओळीत बसवल्याची लक्षणं गाताना कमी आणि नंतर जास्त कळतात. तालमीनंतर बोलण्याचा आवाज जड किंवा घोगरा होणं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो न सुटणं, हळू आवाजात वरचे स्वर न लागणं. ओळ बदलल्यावर हे जायला हवं. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर प्रश्न ओळीचा नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरपट्ट्या तपासून घ्याव्यात.

आवाज फुटत असलेल्या मुलांना नाव लावूच नये. दर दोन महिन्यांनी फक्त भरीव स्वर मोजावेत आणि त्यात बसेल ते गायला द्यावं. विशीतल्यांनी वर्षातून एकदा मोजावं, कारण आवाज तिशीच्या आसपासपर्यंत भरत जातो.

वहीतली नोंद एका ओळीत मावते. वरच्या उदाहरणाची अशी: संध्याकाळ, तिसरी मोजणी, भरीव जी2 ते डी4, पुसट एफ2, कष्ट ई फ्लॅट 4 पासून, तुटतो ई4–एफ4, फॉल्सेटो डी5 पर्यंत, वावर बी फ्लॅट 2 ते डी4.